आजाराची पहिली खूण डाव्या भकाळीत : शेळी व गाय पाहण्याची रोजची पद्धत

शेळी किंवा गाय आजारी आहे, हे बहुतेक वेळा आपल्या लक्षात येते ते तिने वैरण सोडल्यावर. प्रत्यक्षात त्याआधीच तिच्या उभे राहण्यात, कानांत, रवंथ करण्यात आणि कळपातल्या तिच्या जागेत फरक पडलेला असतो. ही दोन्ही जनावरे मूळची शिकार होणाऱ्या वंशातली असल्यामुळे दुखणे लपवणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. माणूस जवळ आला की आजारी शेळीसुद्धा मान वर करून सावध उभी राहते आणि आपण ‘बरी दिसते’ म्हणून पुढे जातो. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटांत जनावर कोणत्या क्रमाने पाहावे, आणि त्या पाहणीत कोटीपोटाकडे, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या पोटाकडे, जास्त लक्ष का द्यावे, एवढेच पुढे सविस्तर सांगितले आहे.

आधी लांबून, हात न लावता

गोठ्याचे दार उघडण्यापूर्वी दोन मिनिटे बाहेर थांबावे. हातात खुराकाची बादली नसावी, कारण बादली दिसताच सगळी जनावरे उठतात आणि पाहण्यासारखे जे असते ते तिथेच संपते. या दोन मिनिटांत प्रत्येक जनावराबद्दल एकच प्रश्न मनाशी विचारावा : हे नेहमीच्या जागी, नेहमीच्या सोबतीजवळ आहे का? कळपाला पाठ करून कोपऱ्यात उभी असलेली शेळी, किंवा इतर गाई बसलेल्या असताना एकटी उभी राहून पायांवर आलटून पालटून भार टाकणारी गाय, या दोघींना बाजूला काढून तपासायला एवढे कारण पुरेसे आहे.

शेळीची शेपटी ही फार उपयोगी खूण आहे. निरोगी, सावध शेळीची शेपटी वर असते. दुखत असलेल्या, तापलेल्या किंवा घाबरलेल्या शेळीची खाली पडते. एखादा क्षण खाली गेली म्हणून काही बिघडत नाही, परंतु पाच मिनिटे पाहूनही ती वर येत नसेल तर त्या शेळीकडे पुन्हा जावे. गाईच्या बाबतीत शेपटीपेक्षा कान आणि चेहरा अधिक बोलतात. वेदना असलेल्या गाईचे कान मागे वळलेले किंवा खाली पडलेले असतात, डोळ्यांच्या वरचे स्नायू ताणल्यासारखे दिसतात, नाकपुड्या रुंदावतात आणि नजर कोठेच ठरत नाही. पाठीला पोक काढून, कोपरे शरीरापासून बाहेर धरून उभी असलेली आणि उतारावरून चालायला किंवा चटकन वळायला नाखूश असलेली गाय दिसली, तर वैरणीतून तार किंवा खिळा पोटात गेल्याची शंका घ्यावी.

श्वासही लांबूनच मोजावा, कारण जवळ गेले की तो वाढतो. कुशीचे वर-खाली होणे अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे. सावलीत शांत बसलेल्या शेळीचा श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो, आणि मोठ्या गाईचाही साधारण त्याच सुमारास असतो. उन्हाच्या दिवसांत दुपारी हे आकडे सहज वाढतात, म्हणून सकाळची मोजणी अधिक विश्वासाची मानावी. मान पुढे ताणून, तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे जनावर दिसले तर मोजत बसू नये, लगेच पशुवैद्यकाला बोलवावे.

गव्हाणीपाशी

वैरण टाकल्यावर कोण आले नाही हे कुणालाही दिसते. कोण *उशिरा* आले हे पाहण्याची सवय लावावी. प्रत्येक कळपात खाण्याचा एक क्रम ठरलेला असतो. रोज दुसऱ्या क्रमांकावर ढकलाढकली करून तोंड घालणारी शेळी आज पाचवी आली, तर तिने खाल्ले तरी ती नोंद ठेवण्यासारखी आहे. वैरण तोंडात घेऊन चघळता चघळता खाली टाकणे हे दातांच्या किंवा तोंडातल्या जखमेचे लक्षण असते. वैरण हुंगून मान फिरवणे हे पोटाचे किंवा तापाचे असते. हा फरक फोनवर पशुवैद्यकाला सांगितला, तर त्याला तपासणी कोठून सुरू करायची ते कळते.

रवंथ मोजणे

पोट भरल्यावर तास-दोन तासांनी गोठ्यात पुन्हा एक फेरी मारावी. या वेळी निम्म्याहून अधिक जनावरे बसून रवंथ करत असली पाहिजेत. निरोगी गाय दिवसातले सात ते नऊ तास रवंथ करण्यात घालवते, म्हणजे रवंथ न करणारी गाय शोधायला फार वेळ लागत नाही. एक घास वर येतो, गाय तो साधारण पन्नास-साठ वेळा चावते, गिळते, आणि काही सेकंदांत दुसरा घास मानेतून वर येताना लाटेसारखा दिसतो. चावण्याची ही मोजणी आपल्याच दोन-चार गाईंवर निरोगी दिवशी करून ठेवावी. चाळीसच्या खाली येणारी, मध्येच थांबणारी, किंवा घास वर न येता नुसती तोंड हलवणारी गाय आजारी असेलच असे नाही, पण तिची डावी भकाळी, म्हणजे शेवटच्या बरगडीमागचा खळगा, त्याच दिवशी तपासावी.

येथे एक गल्लत नेहमी होते. दातांवर दात घासल्याचा करकर आवाज काढणारी शेळी लांबून रवंथ करताना दिसते. जवळ जाऊन ऐकले की फरक कळतो : रवंथ करताना जबडा आडवा आणि सैल फिरतो, तर दात खाताना तो आवळलेला असतो, घास वर येत नाही आणि डोळे अर्धवट मिटलेले असतात. दात खाणे ही वेदनेची खूण आहे आणि बहुतेक वेळा ती पोटाची वेदना असते.

मूठ भकाळीत ठेवावी

आता मुख्य भाग. शेवटची बरगडी आणि मागच्या कमरेच्या हाडाची कड यांच्यामध्ये, पाठीच्या खाली, डाव्या बाजूला जो त्रिकोणी खळगा असतो ती भकाळी. कोटीपोट याच जागी कातडीला लागून असते, त्यामुळे पोटाच्या आत काय चालले आहे हे कोणत्याही यंत्राशिवाय हाताला कळू शकते.

जनावराच्या डाव्या बाजूला, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे. डावा तळहात पाठीवर टेकवावा आणि उजव्या हाताची मूठ भकाळीत हलकी दाबून दोन मिनिटे स्थिर ठेवावी. या काळात मूठ आतून वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते. कोटीपोटाच्या आकुंचनाची ती लाट आहे. निरोगी गाईत दोन मिनिटांत अशा साधारण तीन लाटा येतात, शेळीत दोन ते चार. पोट भरल्यानंतर त्या जोरकस असतात, उपाशीपोटी मंद असतात, म्हणून पहाटेची आणि संध्याकाळची मोजणी एकमेकींशी ताडून पाहू नये. दोन मिनिटांत एकही लाट आली नाही, तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे, आणि तेव्हाही आली नाही तर त्या जनावराला आजारी समजूनच पुढचे पाऊल उचलावे.

लाटेइतकाच महत्त्वाचा आहे तो हाताला लागणारा पोटाचा पोत. वरच्या भागात थोडी हवा असते आणि ती मऊ लागते. त्याखाली मळलेल्या कणकेसारखा थर असतो. त्यात मूठ दाबली तर खड्डा काही क्षण तसाच राहतो. हे नेहमीचे चित्र आहे. बिघाड तीन तऱ्हांनी हाताला लागतो. पहिल्या तऱ्हेत भकाळी पाठीच्या रेषेपर्यंत किंवा तिच्याही वर फुगून येते, टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज देते आणि जनावर बेचैन होऊन पोटाकडे पाहते. ही पोटफुगी असून ती काही तासांत जीव घेऊ शकते. दुसऱ्या तऱ्हेत भकाळी खोल गेलेली असते आणि आत काहीच लागत नाही, म्हणजे जनावराने कालपासून नीट खाल्लेले नाही, मग आपल्याला ते दिसले असो वा नसो. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी आहे : पोट भरलेले दिसते, पण मूठ हलवल्यावर आत पाणी डचमळल्यासारखे वाटते. जास्त धान्य खाऊन पोटात आम्ल वाढल्याचे हे लक्षण असू शकते, आणि पुढची हकीकत त्याचीच आहे.

पोटफुगीत जनावराला बसू किंवा आडवे होऊ देऊ नये, पुढचे पाय उंचवट्यावर येतील असे उभे करावे आणि पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. फेस झालेल्या पोटफुगीत खाद्यतेल पाजल्याने फेस मोडतो, मोठ्या गाईला साधारण पाव ते अर्धा लिटर, परंतु जनावर धडपडत असेल किंवा गिळत नसेल तर तेल फुप्फुसात जाण्याचा धोका पोटफुगीइतकाच मोठा आहे. भकाळीत सुई किंवा चाकू खुपसण्याचा उपाय ऐकलेला असतो. तो माहीतगार हातात आणि जीव जात असतानाच करायचा असतो.

थर्मामीटर काय सांगतो आणि काय नाही

जनावरांचे तापमान गुदद्वारातून घेतात. थर्मामीटरच्या टोकाला तेल लावून, तो किंचित तिरका धरून आतल्या भिंतीला टेकवावा. शेणाच्या गोळ्यात रुतला तर आकडा चुकतो. गाईचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, शेळीचे १०१.५ ते १०३.५. उन्हातून आलेल्या किंवा पळालेल्या जनावराला अर्धा तास सावलीत उभे करून मगच तापमान पाहावे. सकाळी तापमान थोडे कमी असते, दुपारनंतर वाढते, म्हणून शक्यतो रोज एकाच वेळी मोजावे.

माझी पहिली मोठी चूक या थर्मामीटरवर फार विसंबल्यामुळे झाली. शेळी मलूल होती, ताप नव्हता, म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबलो. संध्याकाळी ती उठत नव्हती. कित्येक आजारांत, विशेषतः पोटातल्या आम्लाच्या आजारात आणि नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या दुग्धज्वरात, तापमान नेहमीचे किंवा उलट कमी असते. दुग्धज्वर हे नाव त्यामुळेच दिशाभूल करणारे आहे : त्यात ज्वर नसतो, रक्तातले कॅल्शियम कमी झालेले असते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, बहुधा तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वेताची गाय आधी थरथरते, मागचे पाय अडखळतात, मग ती बसते आणि मान कुशीकडे वळवून ठेवते. तिच्या कानांच्या मुळाला हात लावला तर ते गार लागतात, नाकाचा ओलसर भाग कोरडा असतो आणि शेण पडत नाही. अशा गाईला तोंडाने काही पाजू नये, कारण तिची गिळण्याची ताकद गेलेली असते. तिला वैरणीच्या पेंढीचा आधार देऊन छातीवर बसते ठेवावे, कुशीवर पडू देऊ नये. शिरेतून कॅल्शियम देताना हृदयाचे ठोके ऐकत सावकाश द्यावे लागते, म्हणून ते काम पशुवैद्यकाचेच आहे.

एका शेळीची सकाळ

ही शेळी दुसऱ्या वेताची, वजन अंदाजे ३० किलो, कळपात जरा दांडगी. आदल्या संध्याकाळी आठच्या सुमारास भरडलेल्या धान्याच्या पिंपाचे झाकण नीट बसवले गेले नव्हते. सकाळी सहाला दाराबाहेर थांबलो तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती आणि तिची शेपटी खाली होती. बाकीच्या तिच्याकडे पाहून ओरडत होत्या, ती हलली नाही. पिंप पाहिले, तर वरचा थर उकरलेला होता आणि आजूबाजूला भरडा सांडलेला होता. किती खाल्ला हे नक्की सांगता येणार नाही, पण किलोभर तरी गेला असावा.

तापमान १०२.४ अंश, म्हणजे अगदी नेहमीचे. भकाळी भरलेली, फुगलेली नव्हे. मूठ दोन मिनिटे ठेवली, एकही लाट आली नाही. कानाशी वाकून ऐकले तर ती दात खात होती. लेंड्या रात्रीच्या दिसत होत्या, ताजी एकही नव्हती. पूर्वीच्या चुकीमुळे मी ताप नाही म्हणून थांबलो नाही; सहा वाजून चाळीस मिनिटांनी पशुवैद्यकाला फोन करून जनावराचे वय व वजन, काय आणि साधारण केव्हा खाल्ले, तापमान, भकाळीच्या लाटा, लेंड्या आणि दात खाणे एवढे सांगितले आणि तिच्या उभे राहण्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मोबाईलवर पाठवली. भरडा वेगाने आम्ल बनतो, अख्खे दाणे त्या मानाने सावकाश, आणि रोज धान्य खाणाऱ्या जनावरापेक्षा ज्याला सवय नाही त्याला त्रास लवकर होतो, म्हणून नेमके काय खाल्ले हे सांगणे महत्त्वाचे होते. पशुवैद्यक येईपर्यंत धान्य आणि हिरवा चारा बाजूला काढला, पुढे फक्त सुके गवत ठेवले आणि तिला सावकाश चालवत राहिलो. तोंडात काही ओतले नाही.

दहा वाजता भकाळीत मूठ हलवली, तर पाणी डचमळल्यासारखे जाणवले, आणि पहिल्यांदा पातळ, आंबूस वासाची, फिकट राखाडी लेंडी पडली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच बसत नव्हती, म्हणजे शरीरातले पाणीही कमी होत होते. पशुवैद्यकाने नळी घालून पोटातले थोडे द्रव बाहेर काढले, खाण्याचा सोडा पाण्यातून दिला, शिरेतून सलाईन लावले आणि थायमिनचे इंजेक्शन दिले. पोटातले आम्ल त्या जीवनसत्त्वाची निर्मिती बिघडवते आणि त्याने मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते इंजेक्शन.

दुपारी तीनला दोन मिनिटांत एक मंद लाट आली. तिचा जोर मोजण्याची सोय नाही, पण मूठ उचलली गेली हे नक्की होते. संध्याकाळी तिने सुक्या गवताचे चार-पाच घास घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसली होती आणि घास वर येताना दिसला; चावण्या मोजल्या तर अठ्ठावीस भरल्या, नेहमीपेक्षा कमी, पण तालात. तिसऱ्या दिवशी लेंड्या पुन्हा सुट्या व कोरड्या झाल्या, आणि त्या दिवशी शेपटी वर दिसली.

त्याच गोठ्यातल्या आणखी दोन शेळ्या सकाळी सहाला ठीक दिसत होत्या. पिंपाजवळ त्याही असू शकल्या असत्या, म्हणून त्यांची भकाळी दर दोन तासांनी तपासली. एकीची लाट दुपारी बाराला मंद झाली. ती तोपर्यंत वैरण खात होती आणि तिला पाहून कुणीही तिला आजारी म्हटले नसते. धान्याचा त्रास खाल्ल्यानंतर आठ-दहा तासांपासून दीड दिवसापर्यंत कधीही डोके वर काढू शकतो, त्यामुळे एक जनावर सापडले की त्याच्याबरोबर असलेल्या सगळ्यांवर पुढचा दीड दिवस नजर ठेवावी लागते. पशुवैद्यकाने कळपाला आंत्रविषाराची लस कधी दिली हेही विचारले, कारण अचानक जास्त धान्य गेले की तो आजारही उफाळू शकतो. वहीत तारीख होती, म्हणून उत्तर देता आले.

ती शेळी पाचव्या दिवशी जरा लंगडत चालू लागली. अशा आम्लाच्या आजारानंतर खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊ शकते, आणि ती पोट बरे झाल्यानंतरच दिसते. तळहात खुरावर ठेवला तर दोन्ही पुढचे खूर गरम लागत होते. तिला मऊ जमिनीवर बांधले, धान्य दहा दिवस पूर्ण बंद ठेवले आणि नंतर मूठभर देऊन चार-पाच दिवसांच्या अंतराने वाढवत नेले; प्रत्येक वाढीनंतरच्या सकाळी मूठ भकाळीत ठेवून लाटा मोजल्या, आणि त्या दोनपेक्षा कमी आल्या त्या दिवशी वाढ थांबवली.